एस-अँड-ओपी मीटिंग: मागणीच्या रकान्यात बजेटचा आकडा टाकावा का?

मेघना_नि

नमस्कार. मी पंप बनवणाऱ्या एका कंपनीत मागणीचं नियोजन बघते. दर महिन्याला विक्री, उत्पादन आणि फायनान्स यांची एस-अँड-ओपी मीटिंग होते. त्यात तिघांचे आकडे जुळवून महिन्याची एकच योजना ठरवायची असते. येत्या गुरुवारच्या मीटिंगआधी एका गोष्टीवर अडले आहे, म्हणून धागा काढते.

घरगुती पंपांची एक फॅमिली आहे. विक्रीचा अंदाज पुढच्या तीन महिन्यांसाठी 6,500, 7,200 आणि 7,800 नगांचा आहे. कारखाना म्हणतो, महिन्याला 6,000 च्या वर जाणार नाही, वाइंडिंगला, म्हणजे मोटरची तार गुंडाळायच्या कामाला, अडतं. बजेटमध्येही दरमहा 6,000 आहेत. आज तयार साठा 3,000 आहे आणि महिनाअखेरीला 2,500 असावा असं ठरलेलं आहे.

आमचे फायनान्स मॅनेजर पूर्वतयारीच्या बैठकीत म्हणाले, "शेवटी योजना एकच हवी ना? मग मागणीच्या रकान्यात 6,000 घाला. विक्रीवाले नेहमीच फुगवून सांगतात." त्यांनी पुरावाही दाखवला. गेल्या सहा महिन्यांत विक्रीचा अंदाज सरासरी 6,400 होता आणि डिस्पॅच झाले 5,900. कारखान्याला 6,000 सोयीचेच आहेत, त्यामुळे तिकडून विरोध नाही. विक्रीप्रमुख वैतागून म्हणाले, "तुम्हाला हवं ते लिहा, आम्ही विकायचं ते विकू."

मी काय लिहू? आकडा माझ्या नावानं जाणार आहे.

जुना_नियोजक

मागणीच्या रकान्यात 6,000 घालू नका. का ते साठ्याच्या ओळीवरून दिसतं, म्हणून दोन्ही तऱ्हेनं ती ओळ मांडून बघा. हातातला साठा, अधिक उत्पादन, वजा मागणी, एवढाच हिशेब आहे.

मागणी 6,000 आणि उत्पादन 6,000 धरलं तर तिन्ही महिनाअखेरींना साठा 3,000 राहतो. कागद स्वच्छ दिसतो. मीटिंगमध्ये हे पान अर्ध्या मिनिटात उलटलं जाईल आणि कुणालाच काही ठरवावं लागणार नाही.

आता विक्रीचा आकडा घाला, उत्पादन तेच ठेवा. पहिल्या महिन्याअखेरीला साठा 2,500, दुसऱ्या महिन्याला 1,300, आणि तिसऱ्याला उणे 500. म्हणजे तिसऱ्या महिन्यात माल कमी पडतो. प्रत्यक्षात ओढाताण त्याच्या आधीच सुरू होईल, कारण 1,300 चा साठा सगळ्या मॉडेलांत सारखा वाटलेला नसतो. जे खपत नाही ते पडून असतं आणि जे हवं ते संपलेलं असतं.

आता मला सांगा, तिसरी पाळी लावायची तर वाइंडिंग करणारे नवे कामगार, म्हणजे वाइंडर, तयार व्हायला तुमच्याकडे किती वेळ लागतो? दोन महिने लागत असतील तर तिसऱ्या महिन्यासाठीचा निर्णय याच गुरुवारी घ्यावा लागेल. 6,000 लिहिलेत तर तो प्रश्न टेबलावर येणारच नाही. दोन महिन्यांनी तुटवडा समोर दिसेल तेव्हा त्यावर इलाज उरलेला नसेल.

पुरवठ्याच्या मर्यादेनं न कापलेली मागणी एका ओळीत, कारखान्याची क्षमता दुसऱ्या ओळीत, बजेट तिसऱ्या ओळीत. तिन्ही ओळी मीटिंगपर्यंत वेगळ्या राहू द्या. योजना एक व्हायची ती मीटिंग संपताना, आत जातानाच नाही.

हिशेबनीस

मी फायनान्समध्ये आहे, त्यामुळे त्या मॅनेजरांची बाजू मांडतो. विक्रीचा आकडा धरून तांब्याची तार मागवली, कास्टिंग मागवली, आणि मग माल उठला नाही, तर पैसे आमचे अडकतात. बँकेला उत्तर विक्रीवाले देत नाहीत, आम्ही देतो. 5,900 च्या जागी 6,400 सांगणं म्हणजे साडेआठ टक्के फुगवटा आहे, आणि तो एका महिन्याचा नाही, सहा महिन्यांचा आहे. मी आमच्याकडे विक्रीचा आकडा आला की सरळ आठ टक्के कापून पुढे पाठवतो. गेली काही वर्षं असंच चाललं आहे आणि साठा आटोक्यात आहे.

जुना_नियोजक

हिशेबनीस, सतत एकाच दिशेनं चूक होत असेल तर ती मोजलीच पाहिजे, आणि फायनान्सनं ती विचारलीच पाहिजे, हे मान्य. पण तुम्ही अंदाजाची तुलना डिस्पॅचशी करताय. डिस्पॅच म्हणजे मागणी आणि पुरवठा यांतला जो लहान असेल तो. 6,000 च्या वर बनतच नसेल तर मागणी 7,000 असली तरी डिस्पॅच 6,000 च्या आतच दिसणार. म्हणजे कारखान्याची मर्यादा विक्रीच्या नावावर खर्ची पडते.

मेघना, ऑर्डर बुकिंग काढा. ऑर्डर कोणत्या तारखेला लिहिली गेली ते नको, ग्राहकानं माल कधी मागितला होता त्या महिन्यात ती टाका. आणि अंदाज कोणता घ्यायचा? महिना सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यातला घेऊ नका, तो सगळ्यांचा बरोबर येतो. माणसं आणि तार यांचा निर्णय ज्या अंदाजावर झाला, म्हणजे दोन-तीन महिने आधीचा, तो घ्या.

आणि गुपचूप आठ टक्के कापण्याबद्दल: विक्रीवाल्यांना ते कळतंच. मग ते आठ टक्के चढवून पाठवतात, तुम्ही कापता, आणि खरा आकडा कुणाकडेच राहत नाही. कापायचंच असेल तर उघड कापा, मीटिंगमध्ये, कारण सांगून.

रोहिणी_प्र

आमच्याकडे यावर सोपा उपाय केला आहे. रोज सकाळी नऊला उभ्या-उभ्या बैठक होते. कोणतं मॉडेल कमी आहे, कोणती ऑर्डर अडली आहे, कोणत्या गाडीत काय भरायचं, सगळं पंधरा मिनिटांत ठरतं. मेघना, तुम्ही हे रोजच्या रोज केलंत तर महिन्याच्या मीटिंगची गरजच पडणार नाही. आमचा तुटवडा बराच कमी झाला.

तिसरी_पाळी

रोहिणी, ती बैठक आम्हीही घेतो आणि ती हवीच. पण तिचा विषय वेगळा आहे. आमच्या कारखान्यात पुढच्या चार आठवड्यांचं वेळापत्रक गोठलेलं असतं. त्यात फार तर मॉडेलांचा क्रम बदलता येतो. मेघनाचा प्रश्न त्या पलीकडच्या महिन्यांचा आहे, जिथे माणसं घेता येतात, पाळी वाढवता येते, तारेचा करार बदलता येतो. सकाळच्या बैठकीत वाइंडरची भरती ठरत नाही. महिन्याच्या मीटिंगमध्ये मॉडेलनिहाय तुटवड्याची यादी उघडली की दोन तास त्यातच जातात आणि पुढचं राहून जातं, हेही मी पुष्कळदा पाहिलं आहे.

मी उत्पादनातला माणूस आहे, म्हणून कारखान्याच्या आकड्याबद्दल विचारतो. हे 6,000 कुठून आले? मशीनच्या क्षमतेवरून की गेल्या काही महिन्यांत खरोखर चांगले निघालेल्या नगांवरून? आणि कोणत्या मिक्सवर? वाइंडिंगला मोठ्या मोटरला जास्त वेळ लागतो, छोटीला कमी. "महिन्याला 6,000 पंप" हे वाक्य मोठे किती आणि छोटे किती हे सांगितल्याशिवाय अपुरं आहे. आमच्याकडे क्षमता मिनिटांत लिहितात. नग त्यावरून काढायचे.

मेघना_नि

सगळ्यांचे आभार. वाइंडर तयार व्हायला दोन महिनेच लागतात.

ऑर्डर बुकिंग काढलं. ग्राहकानं मागितलेल्या तारखेनुसार लावल्यावर सहा महिन्यांची सरासरी 6,300 येते. म्हणजे विक्रीचा 6,400 चा अंदाज 100 नी जास्त होता, 500 नी नाही. उरलेले 400 आम्हीच देऊ शकलो नव्हतो. हे बघून मला धक्का बसला, कारण दर महिन्याच्या अहवालात ती चूक विक्रीच्या नावावर लागत होती.

विक्री विभागातल्या एका सहकाऱ्यानं मात्र सावध केलं. माल वेळेत मिळत नाही हे कळल्यावर काही डीलर जास्तीची ऑर्डर टाकून ठेवतात, निदान अर्धा तरी येईल म्हणून. मग 6,300 तरी खरे कसे मानायचे?

तिसरी_पाळी यांच्या प्रश्नावर उद्या कारखान्यात बसून आकडे काढते.

जुना_नियोजक

तुमच्या सहकाऱ्यानं नेमकं बोट ठेवलं. तुटवड्याच्या काळात डिस्पॅच मागणी कमी दाखवतं आणि ऑर्डर बुकिंग जास्त दाखवतं. खरी मागणी या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. रद्द झालेल्या आणि पुढे ढकललेल्या ऑर्डरी वजा करून बघा. तेवढ्यानं पूर्ण साफ होणार नाही, पण 5,900 आणि 6,300 यांपैकी कशाच्या जवळ आहोत हे कळेल. मोठ्या चार-पाच डीलरांना त्यांचा साठा आणि त्यांची पुढची विक्री विचारता आली तर आणखी बरं.

हंगामी_माल

आमचं उदाहरण सांगते, कारण बजेटचा आकडा मागणीत घातल्यानं काय होतं ते आमच्याकडे उलट बाजूनं दिसलं. आम्ही एअर कूलर बनवतो. वर्षाची बहुतेक विक्री तीन-चार महिन्यांत होते, त्यामुळे हंगामाच्या चार-पाच महिने आधीपासून माल बनवून साठवावा लागतो. एका वर्षी अंदाज बजेटपेक्षा खाली होता. वरून दबाव आला की बजेट गाठायचंच आहे, तर मागणीत बजेटचाच आकडा राहू द्या. कारखान्यानं तेवढा माल बनवला. हंगाम संपल्यावर गोदाम भरलेलं होतं आणि पुढच्या वर्षाचं खेळतं भांडवल त्यात अडकलं होतं.

त्यानंतर आमच्या मीटिंगमध्ये तिन्ही आकडे शेजारी-शेजारी दाखवतात. बजेट वर्षाच्या सुरुवातीला ठरतं ते तिथंच राहतं, त्याला हात लावत नाही. अंदाज दर महिन्याला हलतो. विक्रीच्या माणसांना दिलेलं टार्गेट योजनेहून जास्त असलं तरी चालतं, पण त्या टार्गेटवर कच्चा माल मागवायचा नाही, हा नियम कडक आहे.

माझा एक प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. साठवणीचा निर्णय चार-पाच महिने आधी घ्यावा लागतो आणि तेव्हाचा अंदाज फारच ढोबळ असतो. फायनान्स म्हणतं कमी साठवा, विक्री म्हणते भरपूर साठवा. आम्ही दोन टप्प्यांत निर्णय घेतो. आधी सगळ्या मॉडेलांना लागणारे सामाईक भाग बनवून ठेवतो आणि जुळणी शक्य तितकी उशिरा करतो. तरी मोटर आणि पंख्याचा खर्च होऊन गेलेलाच असतो.

हिशेबनीस

हंगामी_माल यांचा नियम आवडला. आणि ऑर्डरींचा मुद्दा मान्य आहे. मी आमच्याकडचे आकडेही तसेच काढून बघतो. पण एका गोष्टीवर मी ठाम आहे. मेघनाच्या कंपनीत जास्तीचे 500 पंप विकले म्हणजे जास्त पैसे मिळाले असं कुणी गृहीत धरू नये. विक्रीवाले नगांत बोलतात, कारखाना नगांत बोलतो, मीटिंगमध्ये पैशाचं पान शेवटी येतं आणि तोवर सगळे उठायच्या तयारीत असतात. 6,500 पंपांचे पैसे किती होतात ते विचारा. ते बजेटच्या 6,000 च्या पैशांपेक्षा कमी निघाले तरी मला नवल वाटणार नाही.

मेघना_नि

हिशेबनीस आणि तिसरी_पाळी, तुम्ही दोघांनी वेगवेगळ्या दारांनी एकाच गोष्टीकडे नेलंत. आज कारखान्यात बसून आकडे काढले, ते इथे मांडते. सोयीसाठी आकडे सरळ केले आहेत.

फॅमिलीत दोन प्रकार आहेत. मोठा पंप 3,000 ला जातो, त्यावर 650 सुटतात, आणि त्याच्या मोटरला वाइंडिंगची 12 मिनिटं लागतात. छोटा 2,000 ला जातो, त्यावर 350 सुटतात, आणि त्याला 8 मिनिटं लागतात. बजेट बनवताना निम्मे मोठे, निम्मे छोटे धरले होते. कारखान्याचे 6,000 सुद्धा त्याच निम्म्या-निम्म्या मिक्सवर काढलेले निघाले. म्हणजे क्षमता आहे महिन्याला 60,000 मिनिटं. हा आकडा गेल्या काही महिन्यांच्या खऱ्या उत्पादनाशी जुळतो.

विक्रीच्या 6,500 मध्ये मात्र मोठे 2,100 आहेत आणि छोटे 4,400. विक्रीचा अंदाज फॅमिलीच्या पातळीवर एकच आकडा म्हणून येत होता, त्यामुळे हे कुणालाच दिसत नव्हतं.

या मिक्सवर हिशेब केला. बजेटच्या 6,000 ची विक्री 1.5 कोटी होते, 6,500 ची होते 1.51 कोटी. आठ टक्के पंप जास्त आणि पैसे जवळपास तेवढेच. सुटणारी रक्कम बजेटमध्ये 30 लाख होती, ती 29.05 लाखांवर येते. म्हणजे 95 हजारांनी घटते.

आणि वाइंडिंग? 6,500 पंपांना 60,400 मिनिटं लागतात. म्हणजे पहिल्या महिन्याची मागणी कारखान्याच्या क्षमतेत जवळजवळ पूर्ण बसते.

तिसरी_पाळी

म्हणजे या मिक्सवर कारखान्याचा आकडा 6,000 नाही, सुमारे 6,450 आहे. वाइंडिंगच्या पुढचं काय ते मात्र तपासा. छोट्या पंपांची संख्या वाढली की वाइंडिंग सुटतं आणि जुळणी किंवा चाचणीचा बाक अडू शकतो. तिथे मोठ्याला आणि छोट्याला सारखाच वेळ लागतो, त्यामुळे तिथली मर्यादा नगांतच असते. जुळणी 6,500 ओढते का हे विचारल्याशिवाय 6,450 लिहू नका.

मेघना_नि

विचारलं. जुळणी आणि चाचणी दोन पाळ्यांत 7,200 पर्यंत जाते. तिच्यापर्यंत अजून अंतर आहे, पण तिसऱ्या महिन्याच्या 7,800 पर्यंत ती पोचत नाही, हेही आता कळलं.

जुना_नियोजक

छान काम केलंत. आता बघा, तिघंही आपापल्या जागी बरोबर होते. विक्री नगांबद्दल बरोबर, फायनान्स पैशांबद्दल बरोबर, आणि कारखाना जुन्या मिक्सवर बरोबर. भांडण चाललं होतं कारण बजेट आणि कारखाना निम्मं-निम्मं मिक्स धरून "6,000" म्हणत होते, विक्री वेगळं मिक्स धरून "6,500" म्हणत होती, आणि मिक्स कुणीच बोलून दाखवत नव्हतं. म्हणून माझा आग्रह असतो की प्रत्येक आकड्याच्या शेजारी त्यामागचं गृहीतक एका ओळीत लिहिलेलं असावं. मोठ्या पंपांचं प्रमाण किती, भाव कोणता, पाळ्या किती. पुढच्या महिन्यात आकडा हलला की गृहीतक हललं का माणसाचं मत हललं, हे लगेच कळतं.

साठ्याची ओळ 6,450 धरून पुन्हा मांडा. 2,950, मग 2,200, मग 850. तिसऱ्या महिन्यातली तूट गेली, पण साठा ठरवलेल्या 2,500 च्या बराच खाली जातो. म्हणजे निर्णयाची गरज संपलेली नाही, फक्त तो लहान झाला. रविवारी वाइंडिंग चालवलं तर किती निघतात? त्याचा जादा खर्च किती?

मेघना_नि

महिन्याला 600. जादा खर्च नगामागे 60.

जुना_नियोजक

मग दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात रविवार लावून बघा. 2,950, 2,800, 2,050. एकूण जादा खर्च 72,000. छोट्या पंपावर 350 सुटत असताना 60 जास्तीचे खर्च करणं परवडतं.

आता उलट बाजूनंही तपासा, कारण मिक्स बदललं नाही तर काय हा प्रश्न गुरुवारी कुणीतरी विचारणारच. मोठे-छोटे पुन्हा निम्मे-निम्मे झाले तर क्षमता 6,000 वर येते. रविवारसकट साठा 2,500, 1,900 आणि 700 असा उतरतो. ताण येईल, पण तुटवडा नाही. म्हणजे तिसऱ्या पाळीचा निर्णय या महिन्यात न घेता पुढच्या मीटिंगपर्यंत थांबता येतं. त्यापुढे मात्र नाही, कारण मागणी 7,800 वर टिकली तर रविवार चालू ठेवूनही चौथ्या महिन्यात तुम्ही उणे 500 वर जाता आणि वाइंडरना दोन महिने लागतात.

तेव्हा थांबायचं ठरलं तर कशाची वाट बघतोय ते लिहून ठेवा. पहिल्या महिन्याच्या ऑर्डरी, रद्द झालेल्या वजा जाता, 6,400 च्या वर गेल्या तर पुढच्या मीटिंगमध्ये भरतीचा निर्णय. कोण बघणार, त्याचं नावही. नाहीतर पुढच्या महिन्यात हीच चर्चा पहिल्यापासून होते.

तिसरी_पाळी

एक सांगतो. मुळात फायनान्स म्हणेल की मोठे पंप जास्त विका, म्हणजे 95 हजार भरून निघतील. कारखान्यातून ओरड होईल की मोठे पंप वाइंडिंग खातात. दोघांनी भांडायच्या आधी वाइंडिंगच्या एका मिनिटाला किती सुटतं ते बघा. मोठ्यावर 650 भागिले 12, सुमारे 54. छोट्यावर 350 भागिले 8, सुमारे 44. म्हणजे वाइंडिंग अडलेलं असतानाही मोठा पंप जास्त देतो. हे प्रमाण उलटं असतं तर माझं मत उलटं असतं. आणि ज्या महिन्यात अडथळा वाइंडिंगवरून जुळणीवर सरकेल, त्या महिन्यात हा हिशेब पुन्हा करावा लागेल.

हिशेबनीस

हे मला पटलं. माझ्या भाषेत सांगायचं तर 72,000 दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्याच्या सुटणाऱ्या रकमेतून विभागून वजा धरा, आणि बजेटशी असलेलं अंतर लपवू नका. पहिल्या महिन्याचं बजेट 30 लाख, ताजा अंदाज साधारण 29 लाख, अंतर एवढं, कारण मिक्स. एमडींना हे एका ओळीत दिसलं की ते विक्रीला योग्य प्रश्न विचारतील. अंतर लपवण्यासाठी मागणी बदलायची नाही, हे मी मान्य करतो. पण मागणी ठरवण्याच्या बैठकीत बजेटचा आकडा समोर असावाच, या मताचा मी आहे. तो नसला तर विक्रीवाले हवेत बोलतात.

हंगामी_माल

याबाबत मी हिशेबनीस यांच्याशी असहमत आहे. बजेट समोर असलं की अंदाज त्याच्याकडे ओढला जातो, हे आमच्याकडे दर वर्षी दिसतं. आम्ही मागणीच्या बैठकीतून बजेटचा रकाना काढून टाकला आहे. तो पूर्वतयारीच्या बैठकीत पहिल्यांदा येतो.

मेघना_नि

मीटिंग झाली. तिन्ही ओळी वेगळ्या दाखवल्या, मिक्ससकट. फायनान्स मॅनेजरांनी 6,000 चा आग्रह सोडला. ऑर्डरींचा तक्ता बघून ते स्वतःच म्हणाले की अहवालातली तुलना बदला. दुसऱ्या आणि तिसऱ्या महिन्यात रविवारी वाइंडिंग चालवायचं ठरलं. तिसऱ्या पाळीचा निर्णय पुढच्या मीटिंगमध्ये, 6,400 च्या अटीवर, आणि ती अट विक्रीप्रमुखांच्या नावावर लिहिली आहे. जुळणी 7,200 च्या पुढे कशी नेणार याचं उत्तर कारखान्यानं पुढच्या महिन्यात द्यायचं आहे.

एमडींनी मात्र असा प्रश्न विचारला ज्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. छोटे पंप अचानक का वाढले? विक्रीप्रमुखांनी थोडं थांबून सांगितलं की डीलरांसाठी छोट्या पंपांवर एक स्कीम चालू आहे, अजून दोन महिने चालणार आहे. ती मागणीच्या गृहीतकांत कुठेच लिहिलेली नव्हती.

जुना_नियोजक

मग तिसऱ्या महिन्याचे 7,800 पुन्हा उघडावे लागतील. स्कीम संपल्यावर डीलर भरलेला साठा आधी विकतील आणि तुमच्याकडून कमी उचलतील. छोट्या पंपांची मागणी तिसऱ्या महिन्यात वाढण्याऐवजी खाली जाऊ शकते, आणि मिक्सही परत मोठ्या पंपांकडे सरकू शकतं. डीलरकडून पुढे ग्राहकाला किती गेले ते आकडे मिळवता येतील का बघा. मोठ्या डीलरांचे मिळाले तरी चालतील. माझ्या मते तिसऱ्या महिन्याचे रविवार पक्के करण्याआधी हे हवं. दुसऱ्या महिन्याचे चालू द्या.

तिसरी_पाळी

मी तिसऱ्या महिन्याचे रविवारही राखून ठेवीन. रविवार आठवडाभर आधी रद्द करता येतो, पण लोकांना आधी सांगितलं नाही तर आयत्या वेळी कुणी येत नाही.

हिशेबनीस

आणि स्कीमची सूट त्या 350 मधून वजा केली होती का? केली नसेल तर 44 चा आकडा खाली येतो आणि 29.05 लाखही.

मेघना_नि

नव्हती. 2,000 हा यादीतला भाव आहे. सूट वर्षाअखेरीला वेगळ्या खात्यात टाकतात, त्यामुळे पंपाच्या हिशेबात ती येतच नाही. फायनान्सकडे स्कीमची मॉडेलनिहाय रक्कम मागितली आहे आणि विक्रीकडून पाच डीलरांचा साठा. दोन्ही आले की इथे टाकते.